‘सारखा’ दिसला म्हणून उपमा लिहिली आणि गुण गेला: उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अनुप्रास ओळखताना होणारी एकच चूक

तक्रार दरवर्षी तीच असते. सहामाहीचे पेपर हातात पडले की मुले वही घेऊन येतात आणि म्हणतात, “बाई, अलंकार सगळे पाठ आहेत, पण परीक्षेत ओळ आली की चुकतात.” पाठ असतात हे खरेच असते. व्याख्या विचारा, धडाधड म्हणतात. उपमेय, उपमान, साधारणधर्म, साम्यवाचक शब्द ही चारही नावे येतात. पुस्तकातली उदाहरणेही येतात. अडते ते नवी ओळ समोर आली की. भरतीची तयारी करणाऱ्या मोठ्या मुलांचेही हेच होते. त्यांना तर चार पर्याय दिलेले असतात, तरी दोन पर्यायांत घोटाळत राहतात.

बरीच वर्षे मला वाटायचे की सराव कमी पडतो. मग एकदा चुकलेली उत्तरे बाजूला काढून नुसती चुकांकडेच पाहत बसले, तेव्हा लक्षात आले की चुका वेगवेगळ्या नाहीतच. बहुतेक सगळ्या एकाच जागी होतात. मुले ओळ वाचत नाहीत, ओळीतला एक शब्द शोधतात. ‘सारखा, समान, सम, परी, वाणी, प्रमाणे, गत’ दिसला की उपमा. ‘जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे’ दिसला की उत्प्रेक्षा. यातले काहीच नसेल तर रूपक किंवा अंदाज. एकच अक्षर तीन-चारदा आले तर अनुप्रास. ही यादी चुकीची नाही, सोप्या ओळींवर ती चालतेही. पण चांगला प्रश्न काढणारा ओळ निवडतो ती नेमकी ही यादी जिथे फसते तिथलीच.

यंदा शिकवणीला येणाऱ्या दहावीतल्या एका मुलीला मी आठ ओळी घातल्या. ओळी माझ्याच, त्यामुळे कुठल्या गाइडात सापडण्याचा प्रश्न नव्हता. तिला यादी अगदी चोख पाठ होती. तरी आठांपैकी दोन बरोबर आल्या, एक अर्धी, पाच चुकल्या. त्या आठ ओळी इथे देते, कारण त्यांत बहुतेक सगळे खड्डे आले आहेत.

१. गव्हाचे शेत हलते वाऱ्यावर लाटांसारखे
२. शेत डोलते भर दुपारी, जणू सागर आला दारी
३. गव्हाच्या सागरी बाबा पोहती विळा घेऊन हाती
४. दिवसभर सारखा बरसला, श्रावण अंगणी सरसर सरला
५. खोल आत पाहत बसली विहीर, काही आठवत असल्यासारखी
६. काळा कावळा परी कष्टाळू किती
७. (अ) दारात थांबली चंद्रमुखी बाला (आ) दारी उगवता मुखचंद्र तिचा, अंगणभर चांदणे
८. कोवळ्या केळीच्या कोंबासारखी कांती तिची

पुढे वाचण्याआधी तुम्हीही उत्तरे एका कागदावर लिहून ठेवा.

आधी तो शब्द तिथे काय काम करतो ते पाहा

चौथ्या ओळीला तिने उपमा लिहिली होती. मी विचारले, “कशाला कशाची उपमा दिली आहे?” ती म्हणाली, “बाई, सारखा आहे ना यात!” मग मी तिला ओळ साध्या भाषेत सांगायला लावली. “दिवसभर पाऊस सारखा पडत होता,” एवढे म्हणून ती थांबली, आणि स्वतःच हसली. इथे ‘सारखा’ म्हणजे ‘सतत’. आपण रोज म्हणतो, सारखा फोन वाजतोय, सारखी भुणभुण. त्या ‘सारखा’चा तुलनेशी काही संबंध नाही. ओळीत श्रावण कशासारखा हे कुठेच सांगितलेले नाही. आता तीच ओळ मोठ्याने वाचली तर काय ऐकू येते? दिवसभर, सारखा, बरसला, सरसर, सरला. ‘स’ आणि ‘र’ पुन्हा पुन्हा येतात आणि सरीचा आवाज तयार होतो. हा अनुप्रास. ज्या शब्दाने तिला फसवले तोच शब्द अनुप्रासाच्या बाजूने काम करत होता.

सहाव्या ओळीतही तेच झाले. तिथे ‘परी’ म्हणजे ‘परंतु’. कावळा काळा आहे, पण कष्टाळू आहे. जुन्या कवितेत ‘परी’ दोन्ही अर्थांनी येतो, ‘सारखा’ या अर्थाने आणि ‘पण’ या अर्थानेही. ओळखायची खूण सोपी आहे. उपमेतला ‘परी’ नामाला चिकटून येतो, ‘फुलापरी’, ‘नभापरी’, आणि त्याच्या आधीच्या नामाचे सामान्यरूप झालेले असते. ‘पण’ या अर्थाचा ‘परी’ सुटा उभा असतो. हीच गत ‘वाणी’ची. ‘कोकिळेवाणी गळा’ यातला वाणी तुलनेचा, ‘गोड वाणी’तला बोलण्याचा. ‘वाटे’ तर तीन प्रकारे येतो: ‘असे वाटते’ या अर्थाने, नुसते ‘मनाला बरे वाटते’ या अर्थाने, आणि ‘वाटेने’ या अर्थाने. ‘अंधाऱ्या वाटे चालला एकटा’ या ओळीला उत्प्रेक्षा लिहिणारी मुले मी पाहिली आहेत.

त्यामुळे पहिले काम हे की यादीतला शब्द सापडला की लगेच उत्तर लिहायचे नाही, त्या शब्दावर बोट ठेवून ओळ आपल्या बोलीत सांगायची. शब्दाचा अर्थ तुलनेचा निघाला तरच पुढे जायचे. याला दहा सेकंद लागतात, आणि आठांतल्या दोन चुका एवढ्यानेच गेल्या.

एक गोष्ट जाता जाता. तुलना खरी असली तरी प्रत्येक तुलना उपमा नसते. ‘तुझा सदरा माझ्या सदऱ्यासारखा आहे’ यात सारखा आहे, तुलना आहे, पण अलंकार नाही, कारण सदऱ्याची तुलना सदऱ्याशीच केली आहे. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी हव्यात आणि त्यांच्यातले साम्य मनाला भावणारे हवे.

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक: बोलणारा किती पुढे गेला आहे?

पहिल्या तीन ओळी मुद्दाम एकाच चित्रावर केल्या आहेत. गहू पिकून पिवळा झाला आहे, वारा सुटला आहे, शेतात लाटा उठताहेत. गोष्ट तीच, मग अलंकार वेगळे का?

पहिल्या ओळीत बोलणाऱ्याला पक्के ठाऊक आहे की हे शेत आहे आणि लाटा ही वेगळी गोष्ट. दोन्हींच्या हलण्यात साम्य दिसले, ते त्याने सांगितले. दुसऱ्या ओळीत तो एक पाऊल पुढे गेला. हे शेत नसून सागरच दारात आला असावा, अशी कल्पना त्याने क्षणभर केली. खरे काय ते त्याला माहीत आहे, पण तो त्या कल्पनेत रमला आहे. तिसऱ्या ओळीत मात्र त्याने ठरवूनच टाकले आहे. शेत म्हणजे सागर, विषय संपला. म्हणून बाबा त्यात ‘पोहतात’.

अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हे एकेका शब्दात पकडले आहे. उपमेच्या लक्षणात त्याने ‘भेदे’ असा शब्द घातला, म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या राहून साम्य. उत्प्रेक्षेला तो ‘संभावन’ म्हणतो, म्हणजे ‘असे असावे’ ही कल्पना. रूपकाला ‘अभेद’, म्हणजे दोन्ही एकच. मुलांना मी संस्कृत लक्षणे पाठ करायला लावत नाही, पण हे तीन शब्द वहीच्या आतल्या पानावर लिहायला लावते: भेद, संभावना, अभेद. यादीतले ‘सारखा’ आणि ‘जणू’ हे या अवस्थांचे नुसते वरचे कपडे आहेत. कपडा कधी कधी बदलतो, अवस्था बदलत नाही.

पहिल्या दोन ओळी तिला आल्या, कारण कपडा नेहमीचा होता. तिसऱ्या ओळीला तिने ‘अलंकार नाही’ लिहिले. का, तर यादीतला एकही शब्द नाही. रूपकात असा शब्द नसतोच, म्हणून शब्द शोधणाऱ्याला रूपक दिसत नाही.

शब्द शोधू नका, क्रियापद शोधा

या एका सवयीने सर्वांत जास्त फरक पडतो, म्हणून इथे जरा थांबते.

तिसऱ्या ओळीत क्रियापद आहे ‘पोहती’. शेतात कोणी पोहत नाही. शेतात कापतात, वेचतात, चालतात. पोहणे हे सागराचे क्रियापद आहे. उपमेय शेत असताना क्रियापद उपमानाचे आले, याचा अर्थ कवीने उपमेयाला उपमान मानूनच पुढचा व्यवहार सुरू केला आहे. ही रूपकाची खरी खूण. आता पहिली ओळ पाहा. तिथले क्रियापद ‘हलते’. शेत खरोखर हलते. क्रियापद उपमेयाचे स्वतःचे आहे, उपमान नुसते शेजारी आणून उभे केले आहे. म्हणून उपमा.

तिसऱ्या ओळीत आणखी एक खूण होती, ‘गव्हाचा सागर’ ही जोडी. चा-ची-चे लावून केलेले रूपक मराठीत फार येते: मायेची सावली, दुःखाचा डोंगर, आसवांचा पूर. पण चा-ची-चे सगळीकडेच असते, मग रूपक कुठले आणि साधी षष्ठी कुठली? दोन शब्दांमध्ये ‘हाच’ घालून पाहायचे. दुःख हाच डोंगर, चालते. गहू हाच सागर, चालते. ‘गव्हाचे शेत’ला ‘गहू हेच शेत’ म्हणून पाहा, अर्थ लागत नाही. तिथे रूपक नाही. ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गणेशाचे वर्णन येते, त्यात ‘अष्टादश पुराणें । तींचि मणिभूषणें’ असे म्हटले आहे. त्यातला ‘तींचि’ म्हणजे आपला ‘हाच’. तिथे तो उघड लिहिला आहे, ‘गव्हाच्या सागरी’मध्ये तो आत दडला आहे.

आता सातवी ओळ. तिने (अ)ला रूपक आणि (आ)ला उपमा लिहिली, म्हणजे बरोबर उलटे. दोन्हींत चंद्र आहे, मुख आहे, म्हणून अंदाज केला, असे ती म्हणाली. इथे समासाचा क्रम पाहायचा. ‘चंद्रमुखी’ म्हणजे चंद्रासारखे मुख असलेली. विग्रह करताना ‘सारखे’ हा शब्द आपोआप बाहेर येतो, तो समासात लपला होता. म्हणून उपमा. कमलनयन, मृगनयनी हे शब्द याच जातीचे, उपमान पहिले येते. ‘मुखचंद्र’ मध्ये उपमेय पहिले आणि उपमान शेवटी, विग्रह ‘मुख हाच चंद्र’. म्हणून रूपक. भवसागर, ज्ञानामृत, विद्याधन यांनाही ‘हाच’ चालतो.

पण इथे एक खोच आहे आणि ती मला मनापासून आवडते. ‘मुखचंद्र’चा विग्रह ‘चंद्रासारखे मुख’ असाही करता येतो. मग ठरवायचे कसे? जुन्या अलंकारशास्त्रात याचे उत्तर क्रियापदातच दिले आहे. ‘आईने बाळाच्या मुखचंद्राचा मुका घेतला’ असे असेल तर मुका मुखाचा घेतात, चंद्राचा नव्हे. क्रिया मुखाची, मुख मुख्य, म्हणून उपमा. ‘मुखचंद्र उगवला आणि चांदणे पडले’ असे असेल तर उगवणे चंद्राचे, चांदणेही चंद्राचे. म्हणून रूपक. आमच्या (आ) ओळीत ‘उगवता’ आणि ‘चांदणे’ दोन्ही आहेत, शंकेला जागाच नाही. शालेय परीक्षेत इतके खोल कोणी जात नाही. तिथे ‘मुखचंद्र’, ‘चरणकमल’ असे शब्द आले की रूपक हेच अपेक्षित उत्तर असते, तेच लिहावे.

‘सारखी’ असूनही उत्प्रेक्षा

पाचव्या ओळीवर आमचा बराच वेळ गेला. ‘खोल आत पाहत बसली विहीर, काही आठवत असल्यासारखी.’ तिने उपमा लिहिली आणि ठामपणे लिहिली. यावेळी ‘सारखी’चा अर्थ ‘सतत’ असा नव्हता. तुलनेचाच होता. मग चुकले कुठे?

मी तिला म्हटले, “उपमेय विहीर. आता उपमान दाखव. विहीर कशासारखी?” तिने ओळीवरून बोट फिरवले. “आठवत असल्यासारखी.” “पण ‘आठवत असणे’ ही वस्तू आहे का? बोट ठेवून दाखवता येईल का?” येत नव्हते. सागर दाखवता येतो, लाट दाखवता येते, चंद्र दाखवता येतो. इथे उपमान म्हणून उभी केलेली गोष्टच नाही, आहे ती एक क्रिया. आणि ती क्रिया विहीर प्रत्यक्षात करत नाही, बोलणाऱ्याने ती तिच्या माथी मारली आहे. ‘हिला काही आठवत असावे’ ही संभावना झाली. म्हणजे उत्प्रेक्षा.

ही माझी स्वतःची पळवाट नाही. हा वाद मराठीपेक्षा कितीतरी जुना आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या पहिल्या अंकात अंधाराचे वर्णन करणारा एक श्लोक आहे, त्याची पहिली ओळ ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः’. अंधार जणू अंगाला लेप लावतो आहे, आकाश जणू काजळाचा पाऊस पाडते आहे. संस्कृतातला ‘इव’ म्हणजे आपला ‘सारखा’, उपमेचा ठरलेला शब्द. त्यामुळे काहींना ही उपमा वाटे. दंडीने ‘काव्यादर्शा’त याचे खंडन केले आहे. त्याचे म्हणणे असे की इथे ‘इव’ क्रियापदाला जोडला आहे, लिंपण्याला, आणि क्रियापद काही उपमान होऊ शकत नाही. म्हणून ‘इव’ असला तरी ही उत्प्रेक्षा. तो असेही सांगतो की ‘मला वाटते’, ‘खरोखर’, ‘बहुधा’ अशा अर्थाच्या शब्दांनी उत्प्रेक्षा कळते आणि ‘इव’ही त्यांतलाच. गंमत म्हणजे त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा एक ‘इव’ येतो. दुर्जनाची चाकरी जशी फुकट जाते तशी नजर फुकट गेली, असा त्याचा अर्थ. तिथे नजर आणि चाकरी या दोन गोष्टी आहेत, फुकट जाणे हा दोघींचा समान धर्म आहे, आणि ती सरळ उपमा आहे. एका श्लोकात तीन वेळा तोच शब्द, दोनदा उत्प्रेक्षा, एकदा उपमा. शब्दावरून अलंकार ओळखणाऱ्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

मराठीत याची खूण डोळ्यांनाही दिसते. ‘सारखा’, ‘गत’, ‘प्रमाणे’ हे शब्द नामाला चिकटले असतील, जसे लाटांसारखे, केळीप्रमाणे, तर बहुधा उपमा. क्रियेच्या रूपाला चिकटले असतील, जसे आठवत असल्यासारखी, रुसल्यागत, थांबल्याप्रमाणे, तर उत्प्रेक्षेचा विचार आधी करायचा. फक्त खरीच घडलेली गोष्ट सांगितली आहे का ते पाहावे. ‘पाऊस थांबल्यासारखा दिसतो’ हे रोजचे बोलणे आहे, त्यात पाऊस बहुधा खरेच थांबला आहे. तिथे अलंकार कुठला.

याच कारणाने ‘जणू’ असलेल्या काही ओळींतही मुले अडतात. ‘सर आली धावत, जणू तिला घरी जायला उशीर झाला होता.’ मुले उपमान शोधत बसतात आणि ते मिळत नाही. मिळणार नाहीच, कारण इथे वस्तूवर वस्तूची कल्पना नसून सर का धावली या कारणाचीच कल्पना केली आहे. उत्प्रेक्षेत वस्तूची कल्पना करता येते तशी कारणाची आणि हेतूचीही करता येते. उपमान सापडत नाही म्हणून ‘जणू’वाली ओळ सोडून देऊ नका. पर्यायांत चेतनगुणोक्ती असेल तर मात्र जपून. निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते एवढेच सांगून ओळ थांबली असेल तर चेतनगुणोक्ती, आणि ‘जणू’ने कल्पना उघड मांडली असेल तर उत्प्रेक्षा.

आता एक प्रामाणिक सूचना. ‘तिचा चेहरा जणू चंद्र’ या ओळीत दोन ओळखीच्या गोष्टी आहेत, जुन्या शास्त्राप्रमाणे इथे उपमेच्या बाजूनेही बोलता येईल. पण मराठी व्याकरणाच्या पुस्तकांनी ‘जणू’ उत्प्रेक्षेला दिला आहे आणि उत्तरपत्रिका त्यांच्याच हिशोबाने तपासल्या जातात. परीक्षेत उत्प्रेक्षा लिहा. ‘म्हणजे’चेही असेच. ‘आई म्हणजे सावली’ हे रूपक. ‘आई म्हणजे जणू सावली’ म्हटले की ठामपणा ओसरला, संभावना आली, उत्प्रेक्षा झाली. ‘म्हणजे’ आणि ‘जणू’ एकाच ओळीत आले तर ‘जणू’चे ऐकायचे.

अनुप्रास कानाने, आणि वेगळ्या हिशोबात

अनुप्रास बाकी तिघांच्या रांगेत उभा नाही. ते तिघे अर्थाचे अलंकार, हा शब्दाचा. म्हणून उपमा की अनुप्रास असा प्रश्न पडला तर बऱ्याचदा उत्तर ‘दोन्ही’ असते.

आठवी ओळ तशीच आहे. कोवळ्या, केळीच्या, कोंबासारखी, कांती: ‘क’चा अनुप्रास. कांती कोंबासारखी: उपमा. तिने नुसती उपमा लिहिली, म्हणून अर्धे गुण. दोन अलंकार एका ओळीत असे वेगवेगळे ओळखू येतील तर त्याला संसृष्टी म्हणतात, तीळ आणि तांदूळ एकत्र केले तरी वेगळे दिसतात तसे. परीक्षेत मात्र एकच उत्तर द्यायचे असते. तेव्हा प्रश्न पुन्हा वाचायचा. ‘शब्दालंकार ओळखा’ म्हटले आहे का? कुठला शब्द अधोरेखित आहे? चार पर्यायांत दोघांपैकी एकच आहे का? बहुतेक वेळा यातच उत्तर मिळते. काहीच खूण नसेल तर वर्ण किती गाजतात ते पाहावे. ओळीतल्या पाचपैकी चार शब्दांची सुरुवातच त्या वर्णाने होत असेल तर ओळ अनुप्रासासाठीच निवडली असण्याची शक्यता जास्त.

वर्ण मोजताना दोन चुका होतात. पहिली, मुले काना-मात्रेसकट सारखे अक्षर शोधतात. ‘काळा’तला का आणि ‘किती’तला कि वेगळे म्हणून सोडून देतात. अनुप्रासात व्यंजन मोजायचे, स्वर कोणताही असो. सहाव्या ओळीत काळा, कावळा, कष्टाळू, किती हे चारही शब्द ‘क’चेच. दुसरी चूक उलटी: ओळीत ‘त’ चारदा आला की अनुप्रास. मराठी वाक्यात ‘त’ आणि ‘ल’ सहजच पसरलेले असतात. ओळ मोठ्याने वाचा. तो वर्ण कानाला ठोका देत असेल तरच मोजा. आणि नुसते ओळींच्या शेवटी जुळले असेल, ‘दुपारी’ आणि ‘दारी’सारखे, तर ते यमक. दुसऱ्या ओळीत उत्प्रेक्षेबरोबर तेही आहे, आणि चौथीत ‘बरसला’, ‘सरला’ हेही.

कानाने वाचण्यात मराठीत एक बारकावा असा की आपला ‘च’ दोन प्रकारचा आहे. ‘चंद्र’चा च आणि ‘चांदणे’चा च कागदावर एक, तोंडात वेगळे. मोठ्याने म्हणून पाहा. ‘चांदण्या चमकल्या चमचम’ यात सगळे च एकाच जातीचे, म्हणून नाद भरतो. ‘चंद्र, चिमणी, चांदणे’ मिसळले की तो जरा विस्कटतो. परीक्षेत दोन्ही ‘च’च धरले जातात, पण स्वतः ओळ लिहून पाहताना हा फरक कानाला लगेच कळतो.

पंधरा दिवसांनंतर

त्या मुलीला मी एकच नियम घालून दिला. प्रत्येक ओळीसमोर आधी क्रियापद लिहायचे, ते कोणाचे आहे ते लिहायचे, आणि मगच अलंकार. यादीचा कागद तिने फाडला नाही, मीही फाडायला सांगितले नाही. फक्त तो शेवटी बघायचा.

पंधरा दिवसांनी नव्या आठ ओळी घातल्या. एक चुकली, तीही यमक-अनुप्रासाच्या घोळात. मला बघायच्या होत्या त्या दोन ओळी वेगळ्याच. एकाच शब्दाच्या, मुद्दाम शेजारी ठेवलेल्या:

आईगत सावली झाडाची, भर उन्हात जवळ घेई
झाडाखाली निजली सावली, दिवसभर चालून दमल्यागत

पहिलीसमोर तिने लिहिले होते: “गत आईला जोडलाय. आई दाखवता येते. उपमा.” दुसरीसमोर: “गत दमण्याला जोडलाय. सावली खरी दमत नाही. उत्प्रेक्षा.” आणि पहिलीखाली बारीक अक्षरात एक प्रश्न: “बाई, पण ‘जवळ घेई’ हे क्रियापद तर आईचंच आहे, मग रूपक का नाही?”

प्रश्न नेमका होता. मी तिच्या वहीत उत्तर लिहिले: क्रियापद आईचे आहे खरे, पण कवीने ‘गत’ घालून आई आणि सावली वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि जवळ घेणे हा दोघींचा समान धर्म म्हणून सांगितला आहे. ‘गत’ काढून ‘सावलीची आई भर उन्हात जवळ घेई’ असे लिही, मग ते रूपक होईल.